आफ्रिकन बी आणि वर्ल्ड बँकेची अट

आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला काजूच्या फॅक्टरीत काम केलेली बाई हातांवरून ओळखता येते. टरफलात जो तेलकट चीक असतो तो कातडी जाळतो, मग कितीही राख लावा, तेल लावा, बोटांची टोकं काळी पडायची ती पडतातच. माझ्या मावशीचे हात असेच होते. ती सांगायची, आपली बी संपली की मालक 'आफ्रिकन बी' आणायचा, तागाच्या पोत्यांतून, आणि बायका नाकं मुरडायच्या कारण त्यात गर कमी, तुकडा जास्त, आणि मजुरी अख्ख्या गराच्या किलोवर. आफ्रिका म्हणजे एक कुठलंतरी गाव असावं असं मला तेव्हा वाटायचं.

बऱ्याच वर्षांनी कळलं की त्या पोत्यांच्या मागे एक मोठी भानगड आहे. आयएमएफ, वर्ल्ड बँक, कर्जाच्या अटी, 'स्ट्रक्चरल ॲडजस्टमेंट', हे शब्द आपल्याकडे १९९१ नंतर सगळ्यांच्या तोंडी होते, आणि त्यावर भांडणंही फार झाली पण ती बहुतेक हवेतली. एका बाजूला सगळं साम्राज्यवादी कारस्थान, दुसऱ्या बाजूला सगळी कडू पण गुणकारी गोळी. मला वाटतं अट म्हणजे नेमकं काय असतं, ती कशी घातली जाते आणि चुकली तर भरतो कोण हे एका मालावरून बघितलं की जास्त कळतं. तो माल म्हणजे मोझांबिकचा काजू.

काजू आपल्याकडे आणि त्यांच्याकडे एकाच लोकांनी आणला, पोर्तुगीजांनी, ब्राझीलहून, आणि नावही दोन्हीकडे जवळपास तेच राहिलं. पण ७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक आपल्या कितीतरी पुढे होता, जगात सगळ्यात जास्त काजू पिकवणारा देश, १९७३ ला तर दोन लाख टनांच्या वर कच्ची बी. आणि नुसती बी विकून गप्प बसलेला नाही तर मोठ्या कारखान्यांत फोडून गर विकणारा, आफ्रिकेत हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर तिथंच झालं. मग १९७५ ला स्वातंत्र्य मिळालं, पोर्तुगीज मालक पळाले, कारखाने सरकारकडे आले, कच्ची बी बाहेर पाठवायला बंदी आली, आणि पाठोपाठ यादवी युद्ध सुरू झालं ते १९९२ पर्यंत. बी गोळा करणारे गावातले दुकानदार गेले, रस्त्यांवर सुरुंग, झाडं म्हातारी झाली, उत्पादन एक दशमांशाच्या आसपास आलं. म्हणजे वर्ल्ड बँक यायच्या आधी सगळं गोकुळ होतं आणि तिनं येऊन बिघडवलं असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मोझांबिक १९८४ ला आयएमएफ आणि वर्ल्ड बँकेचा सभासद झाला आणि १९८७ पासून त्यांचा ॲडजस्टमेंटचा कार्यक्रम राबवायला लागला. तेव्हा तो जगातल्या सगळ्यात गरीब आणि सगळ्यात जास्त मदतीवर जगणाऱ्या देशांपैकी एक होता. आता अशा देशाच्या बाबतीत अट कशी काम करते ते बघा. कर्ज एकरकमी मिळत नाही, हप्त्यांनी सुटतं, आणि प्रत्येक हप्त्याच्या आधी एक तक्ता असतो, अमुक तारखेपर्यंत अमुक कायदा, अमुक कर इतका खाली, अमुक सरकारी कंपनी विकलेली. टिक लागली की हप्ता सुटतो. पण खरा जोर त्या हप्त्यातसुद्धा नसतो. बाकीचे देणारे देश, युरोपातली सरकारं वगैरे, आणि जुनी कर्जं माफ करणारे सावकार, हे सगळे आयएमएफचा कार्यक्रम 'ऑन ट्रॅक' आहे का तेवढंच बघतात. तो रुळावरून घसरला तर सगळ्यांचेच पैसे एकदम अडकतात. म्हणजे एका बारीकशा अटीला नाही म्हणायची किंमत त्या अटीएवढी नसते, ती सगळ्या बजेटएवढी असते. मास्तरांचे पगार, दवाखान्यातली औषधं, सगळं त्याच पैशातून. अर्थमंत्री शहाणा असला तरी काजूसाठी हे सगळं पणाला लावणार नाही, आणि हे समोरच्यालाही माहीत असतं.

आधी बँकेनं सांगितलं की सरकारी कारखाने विका. ते ठीकच होतं, सरकारला ते चालवता येत नव्हते हे उघड होतं. १९९४-९५ च्या सुमारास बहुतेक कारखाने विकले गेले, बरेचसे देशातल्याच भांडवलदारांना. या लोकांनी पैसे घातले ते एका भरवशावर, की कच्ची बी बाहेर जाण्यावर काही वर्षं तरी बंधन राहील, तेवढ्यात आपण यंत्रं दुरुस्त करू, माणसं तयार करू. आणि विक्रीची शाई वाळते न वाळते तोच, १९९५ मध्ये, बँकेनं दुसरी अट पुढे केली. कच्च्या बीवरचा एक्सपोर्ट टॅक्स कमी करत न्या आणि काही वर्षांत शून्यावर आणा. टॅक्स २० टक्क्यांवर आला, मग १४ वर. काजूची ही अट देशासाठीच्या पुढच्या कर्जांच्या आराखड्यात आवश्यक अटींमध्ये घातली गेली. म्हणजे एकाच संस्थेनं एका हातानं कारखाना विकायला लावला आणि दुसऱ्या हातानं ज्या गोष्टीमुळे कुणी तो विकत घेतला तीच काढून घेतली. आपल्याकडे कुणी असा फ्लॅट विकला असता तर लोक कोर्टात गेले असते.

बँकेचं म्हणणं काय होतं तेही नीट ऐकायला पाहिजे, कारण ते मूर्खपणाचं नव्हतं. बी बाहेर पाठवण्यावर टॅक्स असला की देशात तिचा भाव पडतो. भाव पडला की कारखान्याला स्वस्तात माल मिळतो, पण तो स्वस्तपणा कुणाच्या खिशातून, तर दोन-चार झाडं असलेल्या शेतकऱ्याच्या, आणि असे शेतकरी लाखांच्या घरात, कारखान्यातले कामगार दहा हजारांच्या आसपास. वर ते कारखानेही धड नाहीत, त्यांची यंत्रं बी आपटून फोडणारी, त्यात गराचे तुकडे फार व्हायचे. काजूत सगळा पैसा अख्ख्या गराचा आहे, पाकळी झाली की भाव उतरतो, कणी झाली की आणखी. भारतात बाई एकेक बी हातानं फोडते म्हणून अख्खा गर जास्त निघतो. बँकेचा हिशोब असा की मोझांबिक बी फोडून जेवढं कमावतो त्यापेक्षा न फोडताच भारताला विकली तर जास्त कमावेल, मग फोडायचीच कशाला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी सुद्धा २००० साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये या प्रकरणात बँकेची बाजू घेतली होती, आणि ते काही बँकेचे भाट नव्हेत.

कागदावर हे बिनतोड वाटतं. पण काजूचा धंदा ज्यांनी जवळून बघितलाय त्यांना इथं लगेच दोन-तीन ठिकाणी खटकेल.

पहिलं म्हणजे टॅक्स काढला की तो पैसा शेतकऱ्याच्या हातात पडतो हे गृहीत कुणी धरलं? नाम्पुला प्रांतातल्या आडगावातला माणूस बी घेऊन बंदरावर जात नाही. तो गावच्या दुकानदाराला देतो, बऱ्याचदा मीठ-साबण-कापडाच्या बदल्यात, दुकानदार तालुक्याच्या गोदामवाल्याला, गोदामवाला एक्सपोर्टरला. बंदरावर जो भाव असतो त्यातला निम्मासुद्धा शेतकऱ्यापर्यंत पोचत नव्हता. आणि बंदरावर घेणारा कोण, तर जवळजवळ एकटा भारत, मुख्यतः केरळातल्या कोल्लमचे व्यापारी. एकच गिऱ्हाईक असलेल्या बाजारात तुमचे स्वतःचे कारखाने बंद पडले की तुमची घासाघीस करायची ताकदही गेली. सावंतवाडीच्या बाजारात एकच खरेदीदार उरला तर भाव कोण ठरवेल हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

मॅकमिलन, रॉड्रिक आणि वेल्च या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली याचा हिशोब मांडला. टॅक्स उतरल्यानं शेतकऱ्यांचा फायदा झाला, पण किती, तर काजू असलेल्या सरासरी कुटुंबामागे वर्षाला जास्तीत जास्त ५ डॉलर ३० सेंट. तेव्हाच्या दरानं अडीचशे रुपयांच्या आसपास. वर्षाला. सगळ्या देशाचा मिळून जो कार्यक्षमतेचा फायदा म्हणतात तो ६६ लाख डॉलरच्या आसपास, आणि त्याच्यासमोर ठेवायचे बेकार झालेले कामगार आणि गंजत पडलेले कारखाने, म्हणजे तोही बराचसा खाऊन टाकलेला. २००१ पर्यंत मोठे कारखाने जवळपास सगळे बंद होते आणि हजारो माणसं, त्यात खूप बायका, घरी बसली. अंगोशेसारख्या गावात कारखान्याशिवाय रोख पैसा मिळायचं दुसरं साधनच नव्हतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. काजू म्हणजे पालेभाजी नाही की भाव वाढला आणि पुढच्या महिन्यात जास्त लावली. आपल्या फळ संशोधन केंद्रातलं वेंगुर्ला-४ चं कलम लावलं तरी तिसऱ्या वर्षी कुठं बी दिसते, नीट धरायला पाच-सहा वर्षं, आणि बीपासून लावलेलं झाड आणखी उशिरा. मोझांबिकमधली झाडं पोर्तुगीज काळातली, त्यांना भुरी रोग लागलेला, फवारणी नाही. बँकेला अपेक्षा होती की भाव वाढला की शेतकरी नवी झाडं लावेल. पण झाड लावणारा माणूस आजच्या भावाकडे बघत नाही, आठ वर्षांनी काय असेल ते बघतो. आणि त्याच्या डोळ्यांदेखत काय चाललं होतं? बंदी, मग कोटा, मग टॅक्स, मग कमी टॅक्स, मग शून्य करणार, मग सरकार म्हणतं नाही करणार. कारखानदार बघतोय की आपल्याला दिलेला शब्द वर्षभरही टिकला नाही. शेतकरी बघतोय की हे सरकार बोलतं एक आणि फोन आला की करतं दुसरं. मग नवी झाडंही नाहीत आणि नवी यंत्रंही नाहीत. धोरण चांगलं की वाईट हा प्रश्न नंतरचा, ते ठरवणारा इथला नाही हे एकदा सगळ्यांना कळलं की कुठल्याच धोरणावर कुणी पैसा लावत नाही. कर्जाच्या अटींनी सरकार कमजोर होतं म्हणतात ते माझ्या मते मुख्यतः असं होतं, सरकारच्या शब्दाची पत जाते.

आणि तारखा बघा. मोझांबिकमध्ये पहिली बहुपक्षीय निवडणूक झाली ऑक्टोबर १९९४ मध्ये, सोळा वर्षांच्या यादवीनंतर लोक रांगा लावून उभे राहिले, आणि वर्षभरात देशातल्या सगळ्यात मोठ्या उद्योगांपैकी एकाचा निर्णय झाला तो त्या संसदेत नाही, वॉशिंग्टनच्या एका कागदावर. राजधानी मापुटोमध्ये कार्लोस कार्डोसो नावाचे एक संपादक होते, त्यांचं छोटं वर्तमानपत्र, आधी 'मीडियाफॅक्स' आणि पुढं 'मेतिकाल', फॅक्सवरून जायचं, त्यांनी काजूचा प्रश्न अक्षरशः लावून धरला, आकडे छापले, कारखानदार आणि कामगार युनियन एकाच बाजूला उभे राहिले, जे एरवी कुठं होत नाही. (कार्डोसोंचा नोव्हेंबर २००० मध्ये भर रस्त्यात खून झाला, तो काजूमुळे नाही, बँक घोटाळ्याच्या बातम्यांमुळे, पण त्या माणसाबद्दल लिहिताना ते न सांगणं बरोबर वाटत नाही.) या सगळ्या ओरड्यानं इतकं झालं की १९९७ ला वर्ल्ड बँकेचे अध्यक्ष वुल्फेन्सन मापुटोला आले तेव्हा त्यांना नव्यानं अभ्यास करायचं कबूल करावं लागलं. बँकेच्याच पैशातून झालेल्या त्या अभ्यासात निघालं की भाववाढीतला मोठा वाटा व्यापाऱ्यांनीच खाल्ला आणि बी देशात फोडण्यात अर्थ आहे, संरक्षण चालू ठेवा. तोपर्यंत कारखाने बंद पडायला लागले होते. १९९९ च्या शेवटी संसदेनं स्वतः कायदा करून टॅक्स परत १८ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान नेला, आणि पुढं बँकेनंही ही अट सोडून दिली.

मग बँकेचं काय नुकसान झालं? काही नाही. माझा सगळा राग इथं आहे. सल्ला कुणाचाही चुकतो, आमच्याकडचे कृषी अधिकारी पण चुकतात, मी स्वतः एका 'तज्ज्ञा'चं ऐकून चुकीच्या महिन्यात छाटणी केली होती आणि दोन वर्षं बोंडू बघायला मिळाले नाहीत. पण तो सल्ला मी घेतला होता, नाकारू शकलो असतो. डॉक्टरचं औषध चुकलं तर निदान दुसऱ्या डॉक्टरकडे जाता येतं. इथं डॉक्टर एकच, औषध घेतल्याशिवाय जेवण नाही, आणि औषध लागू पडलं नाही तरी बिल तुमच्याच नावावर. कर्ज मोझांबिकच्या जनतेनंच फेडायचं होतं, ज्यांनी तक्त्यात काजूचा रकाना भरला त्यांची बदली फार तर दुसऱ्या देशाच्या डेस्कवर झाली असेल.

कुणी म्हणेल की अटी नसत्या तर तिथल्या पुढाऱ्यांनी पैसा खाल्ला असता. खाल्लाही असता, त्या देशात तेव्हा बँका कशा लुटल्या गेल्या हे जगजाहीर आहे. म्हणून हिशोब दाखवा, ऑडिट करा, पैसा कुठं गेला ते सांगा अशी अट सावकारानं घातली तर माझी हरकत नाही, कुठलाही सावकार घालेल. पण पैसे परत मिळतील का हे बघणं वेगळं आणि बीवर टॅक्स १४ टक्के असावा की २० हे ठरवणं वेगळं. आमच्या जिल्हा बँकेनं पीककर्ज देताना सातबारा मागितला तर ठीक, उद्या ती म्हणाली की घरात बी फोडायची नाही, थेट व्यापाऱ्याला घालायची, तर आपण ऐकू का?

साखरेत मोझांबिकनं ऐकलं नाही. तिथंही युद्धात मोडलेले साखर कारखाने परदेशी गुंतवणुकीतून उभे राहत होते, तिथंही आयएमएफचा आयात साखरेवरच्या जकातीला विरोध होता, पण यावेळी सरकार काजूचं पोळून शहाणं झालेलं, गुंतवणूकदारही दक्षिण आफ्रिका-मॉरिशसचे वजनदार, सरकार अडून बसलं आणि जकात राहिली, साखरेचं उत्पादन वाढलं. आणि काजूतही, १८ टक्के टॅक्स परत आल्यावर, नाम्पुलाच्या खेड्यांत नवे छोटे कारखाने निघाले. यावेळी आपटणारी यंत्रं नाहीत, हातानं फोडायची साधी पद्धत, आपल्याकडच्यासारखीच, अख्खा गर जास्त. दहाएक वर्षांत हजारो लोकांना परत काम मिळालं. सगळे टिकले नाहीत, पुढं व्हिएतनामनं स्वस्त यंत्रांनी सगळ्यांचीच झोप उडवली, आपलीसुद्धा. पण बी देशात फोडणं हे मुळातच वेडेपणाचं आहे हा जो १९९५ चा निष्कर्ष होता तो काही खरा ठरला नाही. जुने कारखाने वाईट होते हे खरं होतं, त्यावरून धंदाच वाईट हे बँकेनं काढलं.

आता आपल्याकडे या. भारत सरकारनं २०१६ च्या बजेटमध्ये आयात कच्च्या काजूवर ५ टक्के ड्युटी लावली, कोकणातले बागायतदार खूश, कारखानदार बोंबलले, २०१८ ला ती अडीच टक्क्यांवर आणली, कारखानदार खूश, बागायतदार अजून मोर्चे काढतात. २०१९ ला तयार काजूगरावरची ड्युटी ७० टक्के केली, म्हणजे बी बाहेरून आली तर चालेल पण फोडायची इथंच. मोझांबिकनं २० टक्क्यांनी जे करायचा प्रयत्न केला तेच आपण ७० टक्क्यांनी करतो, फक्त दुसऱ्या टोकानं. हे बरोबर की चूक यावर आमच्या घरातच दोन पार्ट्या आहेत, मामाची बाग आहे आणि आतेभावाचं युनिट आहे, गणपतीत दोघं एकत्र आले की आरती संपायच्या आत हा विषय निघतोच. मामा म्हणतो आफ्रिकन बी बंद करा, आतेभाव म्हणतो मग माझ्या बायका वर्षातले आठ महिने काय फोडणार, आणि दोघंही आपापल्या आमदाराला निवेदन देऊन आलेले असतात. मावशी कोपऱ्यात बसून वाती वळत असते, तिच्या बोटांची टोकं अजून काळीच आहेत. परवा तिला सांगितलं की ती आफ्रिकन बी तुमच्याकडे यायची तेव्हा तिकडच्या बायका घरी बसल्या होत्या. ती म्हणाली, "मगे तेंनी निवेदन कोणाक दिल्यानी?"